विद्राव्य ऑक्सिजन प्रोबचे अंशांकन

विद्राव्य ऑक्सिजन प्रोबचे अंशांकन म्हणजे हवेने संपृक्त झालेल्या पाण्यात उपकरणाचे वाचन १०० टक्क्यांशी जुळवण्याची क्रिया होय. त्यासाठी गोड्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून वाचन स्थिर होऊ देतात. ठाण्यात, समुद्रसपाटीच्या दाबाला व २५° से. तापमानाला, अशा पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानला तो ७.५ मिलिग्रॅमच भरतो. म्हणून स्थानिक वायुदाब नोंदवावा लागतो.

प्रोब प्रत्यक्षात ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो. त्याच तापमानाच्या, किलोग्रॅममागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या संपृक्त पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. क्षारता शून्य ठेवलेले उपकरण मात्र ८.३ दाखवते. संपृक्ततेची टक्केवारी योग्यच दिसत असल्याने ही चूक लक्षात येत नाही. ठाणे खाडीत भरती-ओहोटीनुसार क्षारता बदलते. म्हणून ती प्रत्येक मापनावेळी नोंदवतात.