तांबूस चंद्राचे कोडे

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप दिला आणि दुसऱ्याच रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण आले. चतुर्थीला ज्या चंद्राकडे मान वर करून बघायचे नाही, त्याच्याकडे आम्ही इंदूरची मंडळी गच्चीवर टक लावून बसलो होतो. रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला गेला आणि काळा पडण्याऐवजी जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा दिसू लागला. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "पृथ्वीची सावली पडते म्हणता ना? मग सावली लाल कशी?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो फार जुनाही आहे. आर्यभटाने 'आर्यभटीय'मध्ये चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे स्पष्ट सांगितले. इतकेच नव्हे, तर ग्रहणातले रंगही नोंदवले: सुरुवातीला व शेवटी चंद्र धुरकट, खंडग्रास असताना काळा, पूर्ण ग्रासल्यावर पिंगट आणि सावलीच्या मध्यभागी काळपट तांबूस. ग्रंथाचा काळ इ. स. ४९९ च्या सुमाराचा. पाहणे इतके नेमके असूनही रंगाचे कारण तिथे नाही. पाश्चात्यांतही कित्येकांना वाटे, की चंद्राला निखाऱ्यासारखा स्वतःचाच मंद उजेड आहे, तो ग्रहणात तेवढा उघडा पडतो.

उलगडा केला योहानेस केप्लरने, १६०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात. त्याचे म्हणणे असे, की पृथ्वीभोवतालची हवा सूर्यकिरणांना वाकवून सावलीच्या आत पाठवते.

हे वाकणे आम्हाला कामामुळे परिचयाचे. पदविकेला सर्व्हे शिकताना लेव्हलच्या लांबच्या वाचनात पृथ्वीच्या वक्रतेची दुरुस्ती करावी लागे आणि किरण वाकतो म्हणून त्यातून सातवा हिस्सा वजा करावा लागे. तेव्हा ती कटकट वाटली होती. मावळतीच्या सूर्याचेही तसेच. तो क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात खाली गेलेला असतो, कारण त्याचा किरण हवेत शिरून आपल्यापर्यंत येताना अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वाकतो. तोच किरण जमिनीला चाटून पलीकडे बाहेर पडला, तर आणखी तेवढाच वाकतो. मिळून एक अंशाहून जास्त.

आता हिशेब पाहा. हवा नसती तर पृथ्वीच्या गडद सावलीचे टोक सुमारे १४ लाख किलोमीटरवर असते. चंद्र सरासरी ३.८४ लाख किलोमीटरवर, म्हणजे तो त्या सावलीत कुठेही असला तरी काळाकुट्ट. पण एक अंशाचे वाकणे धरले, की खऱ्या अर्थाने निखळ अंधार सुमारे अडीच लाख किलोमीटरवरच संपतो. चंद्र त्याच्या पलीकडे असल्याने तिथे थोडा उजेड पोहोचतोच.

तो लाल का, हे संध्याकाळी पश्चिमेला बघणाऱ्याला सांगायला नको. हवेतून लांबवर जाताना निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा टिकतो. ग्रहणात चंद्रावर उभे राहिले, तर काळ्या पृथ्वीभोवती उजेडाचे कडे दिसेल. त्या घडीचे जगभरचे सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त त्यात असतील. ही नुसती कल्पना नाही. एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर-३ यानाने ग्रहणाच्या वेळी तसे कडे टिपले.

सावलीच्या मध्यापर्यंत पोहोचणारे किरण सर्वांत दाट, खालच्या हवेतून आलेले असतात, म्हणून तिथे रंग गडद. कडेला येणारे किरण उंचावरचे, कमी वाकलेले, म्हणून तिथे उजेड जास्त. गेल्या वर्षी चंद्र सावलीच्या मध्यापासून जरा दक्षिणेकडून गेला. त्यामुळे वरची बाजू काळपट आणि खालची कड उजळ दिसत होती. आत्याबाईंना ते आधी दिसले, आम्हाला नंतर.

केप्लर बरोबर असेल, तर हवा गढूळ झाली की चंद्र काळवंडला पाहिजे. तसे घडलेही. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ व धुके जगभर उंच हवेत पसरले. ४ ऑक्टोबर १८८४ च्या खग्रास ग्रहणात चंद्र विलक्षण काळा पडला. १९६३ मध्ये बालीतला आगुंग फुटल्यावर त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या ग्रहणातही तेच. आंद्रे दांजों या फ्रेंच खगोलज्ञाने १९२१ मध्ये यासाठी ० ते ४ अशी साधी मोजपट्टी दिली. जवळजवळ न दिसणारा चंद्र म्हणजे ०, विटेसारखा लाल ३, आणि तेजस्वी तांबूस-नारिंगी, कडेला निळसर झाक असलेला ४. निळसर झाकेचे कारण उंचावरचा ओझोन. तो तांबडा भाग थोडा शोषून घेतो. ही मोजणी नुसत्या डोळ्यांची असल्याने दोघांच्या आकड्यात फरक पडणारच. गच्चीवर आमच्यातही २ की ३ यावर वाद झाला.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून दिसणार आहे. तेव्हा आकडा आत्याबाईंनाच विचारायचा, असे आमचे ठरले आहे.