गेरूचा थर कोणाच्या खात्यात?

कऱ्हाड किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिल्याच साइटवर कोअर बॉक्स भेटतो. लांबट लाकडी पेटी, आत पाच कप्पे आणि कप्प्यांत बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल. त्यावर रंगाने लिहिलेली खोली. पेटी इतकी नीटनेटकी असते की डोंगराच्या पोटात काय आहे ते आता कळलं, असं पाहणाऱ्याला वाटून जातं. या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो, म्हणून आधी त्या पेटीचा हिशेब मांडतो.

समजा, दोन किलोमीटर लांबीचा आणि सहा मीटर व्यासाचा बोगदा काढायचा आहे. त्यातून साधारण ५६,५०० घनमीटर खडक निघेल. त्यासाठी आपण दहा बोअर घेतले. प्रत्येक बोअर बोगद्याच्या उंचीतून जेवढा जातो तेवढाच, म्हणजे सहा मीटरचा, कोअर धरला तर दहांचा मिळून साठ मीटर होतो. कोअरची जाडी साडेपाच सेंटिमीटर. या साठ मीटरचं घनफळ ०.१४ घनमीटर भरतं, जेमतेम दहाबारा घमेल्यांइतकं. म्हणजे चार लाख भागांपैकी एक भाग आपण पाहिला आणि उरलेल्याचा अंदाज केला. अंदाज करणं चूक नाही, दुसरा इलाजही नाही. प्रश्न एवढाच आहे की तो चुकला तर पैसे कोण देणार, हे कुठे लिहून ठेवलं आहे.

सातारा-सांगलीत हा अंदाज सोपा वाटतो आणि तीच त्याची अडचण आहे. हा सगळा मुलूख बेसाल्टचा. कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा १,२४७ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइटी पाया लागला. एवढ्या जाडीत लाव्ह्याचे थर एकावर एक निजलेले आहेत. विहिरी खणणारी माणसं ते नावानिशी ओळखतात: काळा कातळ, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी येणारा लाल गेरू. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. आर. बी. गुप्ते यांनी दख्खनच्या या खडकांचा अभियांत्रिकी अंगाने अभ्यास केला. त्यातला एक धडा नवख्याला उलटा वाटतो. हातोडा मारला की खणखणणारा कातळ सांध्यांनी तुटलेला असू शकतो, त्याचे ठोकळे सुटतात आणि सांध्यांतून पाणी येतं. मऊ दिसणारा मांजऱ्या मात्र बऱ्याचदा एकसंध असतो आणि बोगद्याला चांगला निघतो. कोअर बॉक्समधला देखणा तुकडा आणि बोगद्यातली सुरक्षित छप्पररेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेरूचं प्रकरण आणखी निराळं. हा थर बहुधा मीटर-दोन मीटरच असतो. मातकट असल्यामुळे उघडा पडून हवापाणी लागलं की ढासळतो. उभ्या बोअरमध्ये तो एक लाल पट्टी म्हणून दिसतो आणि शेरा पडतो, ‘१ मीटर गेरू, दुर्लक्षणीय’. पण लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असतात आणि बोगदाही जवळजवळ आडवाच जातो. थराचा उतार बोगद्याच्याच दिशेने २०० ला १ आणि बोगद्याचा १००० ला १ असेल, तर दोघांतला फरक २५० ला १ एवढाच उरतो. म्हणजे मीटरभर जाडीचा गेरू छताची रेषा ओलांडायला २५० मीटर घेतो. बोअरमधली एक मीटर पट्टी बोगद्यात पाव किलोमीटरची डोकेदुखी होते. उभ्या भेगांच्या पट्ट्यांचं नेमकं उलट असतं. उभं बोअर त्यांच्या शेजारून निघून जातं आणि पेटीत त्यांचा मागमूसही राहत नाही, म्हणून तिथे तिरपं बोअर लागतं.

अमेरिकेतल्या बोगद्यांचा अनुभव तपासून १९८४ साली तिथल्या राष्ट्रीय समितीने शिफारस केली होती की बोगद्याच्या प्रत्येक फुटामागे दीड फूट बोअर घ्यावं आणि खर्चाच्या तीन टक्के रक्कम शोधावर घालावी. आपल्याकडच्या अंदाजपत्रकात तो आकडा शोधून पाहावा. मात्र दीड फूट बोअर घेतल्यावरही चार लाखांतल्या एका भागाचं गणित फार बदलत नाही. अज्ञात उरणारच, आणि त्याची किंमत कुणाच्या तरी खात्यात पडणारच.

वरच्याच बोगद्यावर आता पैसे मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. चांगल्या खडकात रोज तीन मीटर प्रगती होते. छतात गेरू आला की लोखंडी रिब लावत लावत रोज एकच मीटर. साइट चालू ठेवायचा खर्च, म्हणजे यंत्रं, वीज, पंप, माणसं, रोज तीन लाख. रिबांचा जादा खर्च मीटरमागे साठ हजार. गेरूच्या प्रत्येक मीटरला दोनतृतीयांश दिवस जास्त जातो, त्याचे दोन लाख, वर रिबांचे साठ हजार. मीटरला दोन लाख साठ हजार. गेरू २५० मीटर निघाला तर डोंगर साडेसहा कोटी घेणार.

निविदा आली तेव्हा खात्याने कोअरच्या नोंदी दिल्या आणि सोबत एक कलम जोडलं: ही माहिती केवळ संदर्भासाठी असून ठेकेदाराने स्वतः खात्री करून घ्यावी. महिनाभरात कुणीही ठेकेदार स्वतःची बोअरं घेत नाही. एकाने गेरू शून्य धरला, दुसऱ्याने शंभर मीटर, तिसरा पूर्वी पोळलेला, त्याने अडीचशे. काम शून्य धरणाऱ्याला मिळालं. हा योगायोग नाही. सर्वांत कमी दराची पद्धत जमिनीबाबत सर्वांत आशावादी माणूस निवडते. छतात गेरू दिसल्या दिवसापासून त्याला साडेसहा कोटींची खोट दिसू लागते. पत्रव्यवहार सुरू होतो, काम मंदावतं आणि यंत्रं दुसऱ्या साइटवर जातात. खातं म्हणतं, कलम वाचा. ठेकेदार म्हणतो, तुमच्याच कोअरमध्ये ‘दुर्लक्षणीय’ लिहिलं होतं. खर्चवाढ इथे होते, आणि ती साडेसहा कोटींवर थांबत नाही. त्यात थांबलेल्या कामाचे दिवस, व्याज आणि लवाद जमा होत जातात.

महाराष्ट्रातल्या बी-१ करारात जोखीम वाटून घेण्याची सोय मुळीच नाही, असं मात्र नाही. खोदाईचे दर मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे थरांप्रमाणे असतात. कलम ३८ प्रमाणे एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढलं, तर वरच्या भागाला दरसूचीवरून नवा दर लागतो. म्हणजे परिमाणाची जोखीम आपण पूर्वीपासून वाटून घेत आलो आहोत. उणं आहे ते दोन जागी. एक म्हणजे वेळ. गेरूमुळे गेलेल्या दिवसांचे तीन लाख या तक्त्यात कुठेच बसत नाहीत. दुसरं म्हणजे वर्गीकरण खोदल्यानंतर ठरतं. कठीण मुरूम संपून मऊ खडक कुठे सुरू झाला, यावरून कालव्याच्या कापणीत किती दुपारी उन्हात उभं राहून वाद घातला, ते माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा. खडक तोवर उचलून नेलेला असायचा.

ईपीसी पद्धतीच्या करारांत तर भूस्तराची परीक्षा आपण स्वतः केली आहे, असं ठेकेदाराकडून कबूल करून घेतात. जोखीम गेली म्हणून मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ती निविदेच्या दरात दडते किंवा ठेकेदार बुडाला की परत येते.

जिओटेक्निकल बेसलाइन रिपोर्ट, साइटवरच्या भाषेत जीबीआर, या जागी येतो. वॉशिंग्टनच्या मेट्रोच्या काळात १९७० च्या दशकात त्याची आधीची रूपं दिसली. १९९७ साली अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि २०१९ मध्ये फिडिकने बोगदेसंघटनेबरोबर केलेल्या एमराल्ड बुकने त्याला कराराच्या मध्यभागी बसवलं. पण मूळ कल्पना एका वाक्याची आहे. खोदण्याआधी मालक लिहून देतो: ‘या बोगद्याच्या छतात गेरू एकूण १५० मीटर लांबीत येईल असं धरावं.’

हे वाक्य भूशास्त्राचं भाकीत नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजायला सर्वांत वेळ लागतो. ती कराराने आखलेली रेघ आहे. रेघेअलीकडचं ठेकेदाराचं, पलीकडचं मालकाचं. आता तिघेही निविदाकार दीडशे मीटरचे तीन कोटी नव्वद लाख धरतात आणि स्पर्धा त्यांच्या कामाच्या कौशल्यावर होते, आशेवर होत नाही. गेरू अडीचशे मीटर निघाला तर वरच्या शंभर मीटरचे दोन कोटी साठ लाख मालक देतो, दिवसही वाढवून देतो. बेरीज पुन्हा साडेसहा कोटीच. डोंगराने एक पैसा सोडलेला नाही. गेले ते लवाद आणि बंद पडलेली यंत्रं. गेरू नव्वदच मीटर निघाला, तर एमराल्ड बुकच्या पद्धतीत हिशेब खालीही उतरतो. सगळे करार ही दुसरी बाजू देत नाहीत, म्हणून सही करण्याआधी ती पाहून घ्यावी.

रेघ कुठे आखायची हा मालकाचा निर्णय आहे आणि तिथे मोह होतो. गेरू तीस मीटर लिहिला तर निविदा स्वस्त येतात, मंजुरी लवकर मिळते आणि नंतरचे दावे पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातात. चारशे लिहिला तर न आलेल्या गेरूचे पैसे निविदेतच भरले जातात. मी पाहिलेले वाईट अहवाल मात्र आकडा चुकल्याने फसले नाहीत, शब्दांनी फसले. ‘काही ठिकाणी गेरू आढळण्याची शक्यता आहे’ या वाक्याने कुणाचीच जोखीम ठरत नाही. गेरू ‘छतात’ म्हणजे नेमका किती? पाण्याचा झोत ब्लास्टनंतर लगेच मोजायचा की चोवीस तासांनी, मुखाशी की बोगद्याच्या तोंडाशी? जे मोजायची रीत लिहिलेली नाही ते बेसलाइन नव्हे. म्हणून प्रत्येक ब्लास्टनंतर, शॉटक्रीट मारण्याआधी, दोन्ही बाजूंच्या भूशास्त्रज्ञांनी मुखाचा नकाशा काढून त्याच पाळीत सह्या करायच्या. शॉटक्रीटखाली गेलेला गेरू सिद्ध करता येत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. टेंभू योजनेला १९९६ मध्ये सुमारे १,४०० कोटींची मान्यता होती, पुढे ती ४,००० कोटींवर गेली. ताकारी-म्हैसाळचंही तसंच. ती सगळी वाढ जमिनीच्या पोटातली म्हणून दाखवणं अप्रामाणिकपणाचं होईल. तुटपुंजा निधी, लांबलेली वर्षं, भूसंपादन, वाढलेली व्याप्ती यांचा वाटा त्यात मोठा आहे, आणि जीबीआर त्यांतल्या एकालाही हात लावत नाही. तो फक्त खडक, माती आणि पाणी यांच्यापुरता बोलतो.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक काम करा. पुढच्या वेळी घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात लाल पट्टा दिसला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा. पट्टा कुठे जाड आहे, कुठे संपतो, वरच्या कातळाच्या सांध्यांतून ओल उतरते का, ते पाहा. मग त्या डोंगरातून बोगदा जाणार असं समजून गेरूबद्दल एकच वाक्य वहीत लिहा, असं की ज्यावर तुमची आणि ठेकेदाराची दोघांचीही सही होऊ शकेल. पहिल्या प्रयत्नात तुमच्या हातून ‘शक्यता आहे’ लिहिलं जाईल. ते खोडा आणि पहिल्या प्रकरणाकडे वळा.