गलबत भरलं डाळीनं

अक्षरओळख नसलेल्या मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येतात का, हा १९८०च्या दशकातल्या वाचन-संशोधनातला मोठा वाद होता. आवाजांचं भान वाचनामुळेच येतं, असं अनेक जण मानत. याची परीक्षा घ्यायला स्वीडनचे इंग्वार लुंडबर्ग यांना डेन्मार्क सोयीचं पडलं. तिथं मुलं सातव्या वर्षी शाळेत जात आणि त्याआधीच्या बालवर्गात अक्षरं शिकवत नसत.

बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोम बेटावरच्या २३५ मुलांसोबत बालवर्गाच्या शिक्षकांनी आठ महिने रोज पंधरा-वीस मिनिटं खेळ घेतले. आधी नुसतं कान देऊन ऐकणं, मग यमक, मग वाक्यातले शब्द, शब्दांचे तुकडे टाळ्यांवर मोजणं आणि शेवटी एकेक ध्वनी. पाटी-पुस्तक कुठंच नाही.

या परंपरेतला एक खेळ मला फार आवडतो. मुलं गोल करून बसतात. बाई म्हणतात, ‘गलबत भरलं...’, एक वस्तू सांगतात आणि चेंडू टाकतात. तो झेलणाऱ्यानं तिच्याशी यमक जुळणारी वस्तू गलबतात भरायची. मराठीत खेळून पाहा. बाई म्हणाल्या ‘डाळ’. एकजण म्हणतो ‘माळ’, दुसरी म्हणते ‘टाळ’. तिसऱ्याचं उत्तर येतं ‘भात’. त्याचं डोकं चांगलं चाललं आहे, पण अर्थाच्या वाटेनं. कान अजून आवाजाकडे वळलेला नाही. चौथी ‘डबा’ म्हणते. तिनं आवाज ऐकला, पण शब्दाच्या सुरुवातीचा. पाचवा ‘ठाळ’ असा शब्दच नसलेला शब्द ठोकून देतो. त्याला हसू नये, कारण यमक त्यालाच पक्कं कळलंय. पाठ केलेली जोडी तो सांगत नाही, ‘आळ’ बाजूला काढून त्याला नवं तोंड लावतो. ‘भात’वाल्याला मात्र ‘चूक’ म्हणून भागत नाही. ‘डाळ, माळ, भात’ असं त्याच्यासोबत सावकाश म्हणायचं आणि शब्दाचं शेपूट जरा ताणायचं, म्हणजे वेगळा शब्द त्याचा त्यालाच खटकतो.

लुंडबर्ग, फ्रॉस्ट आणि पीटरसन यांनी १९८८ साली निष्कर्ष छापले. डेन्मार्कमधल्याच जटलंड भागातल्या, हे खेळ न खेळलेल्या मुलांशी तुलना केली होती. यमकात बॉर्नहोमच्या मुलांना थोडाच फायदा दिसला. सुटे ध्वनी ओळखण्यात मात्र ती कितीतरी पुढं गेली होती, तीही एक अक्षर न शिकता. पुढं दुसरीपर्यंत त्यांचं वाचन आणि शुद्धलेखनही सरस राहिलं. म्हणजे यमक हा जिना चढायची पहिली पायरी. नुसतं तिथंच खेळत राहिलं, तर ध्वनीपर्यंत पोचणं होत नाही.

हेच खेळ पुढं जर्मनीत वुर्झबर्गला गेले. तिथं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाचनात मागं पडण्याचा धोका असलेल्या मुलांना ध्वनिखेळांसोबत अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडीही शिकवली, आणि नुसत्या खेळांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. अर्थात ही अक्षरं बालवर्गाच्या उत्तरार्धात आली, कान तयार होऊ लागल्यावर.