खेळाची किल्ली खेळाडूच्या हाती

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ हा संगणकावरचा खेळ आणला. त्याचे नकाशे, चित्रे आणि आवाज मूळ प्रोग्रॅममध्ये न ठेवता `.WAD` या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. खेळाडूने स्वतः बनवलेली फाइल शेजारी ठेवली की नवा नकाशा तयार. अशा बदलांना पुढे ‘मॉड’ म्हणू लागले.

पण कोणता राक्षस किती मारा सोसतो, हे प्रोग्रॅमच्या पोटातच राहिले. ते बदलण्यासाठी खेळाडूंनी ‘डीहॅकएड’ नावाचा प्रोग्रॅम वापरून `.exe` फाइलमधले आकडेच खोडून नवे लिहायला सुरुवात केली.

जॉन कारमॅक यांनी १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये यावर उपाय केला. खेळाचे नियम त्यांनी क्वेक-सी या छोट्या भाषेत लिहिले आणि ते लिखाण खेळाडूंना खुले केले. रॉकेटचा वेग त्यात असा होता:

```
missile.velocity = missile.velocity * 1000;
```

इथे `300` लिहून कंपाइल केले की `progs.dat` ही फाइल मिळते. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि `-game` लिहून खेळ सुरू करायचा. धावणाऱ्या खेळाडूचा कमाल वेग ३२०, म्हणजे तो आपल्याच रॉकेटच्या पुढे निघून जातो! मूळ खेळ मात्र शाबूत राहतो.

हे सुरक्षित कसे? `progs.dat` मधल्या सूचना प्रोसेसरकडे थेट जात नाहीत. खेळाचे इंजिन त्या एकेक वाचून पाळते. इंजिनने दिलेली कामेच मॉडला करता येतात: वस्तू उभी करणे, आवाज वाजवणे वगैरे. तुमच्या इतर फायली उघडण्याचे काम त्या यादीतच नव्हते. मॉड एकाच फेऱ्यात अडकला, तर एक लाख सूचनांनंतर इंजिन `runaway loop error` दाखवून थांबे. या राखणीची किंमत म्हणजे मंद गती.

गतीसाठी १९९७ च्या ‘क्वेक २’मध्ये कंपनीने हे कुंपण काढले. मॉड आता `gamex86.dll` ही थेट चालणारी फाइल झाला. वेग वाढला, पण अनोळखी माणसाकडून घेतलेल्या मॉडला संगणकावर कोणत्याही प्रोग्रॅमइतकीच मोकळीक मिळाली. त्याने ठरवले तर तो तुमच्या फायली पुसू शकत होता.

१९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये कुंपण परत आले. मॉड सी भाषेत लिहायचा, पण तो चालायचा इंजिनमधल्या आभासी यंत्रावर. त्याला मेमरीचा ठरावीक तुकडा मिळे. मॉडने बाहेरचा पत्ता दिला, तर यंत्र त्याचे वरचे अंक कापून तो पत्ता त्याच तुकड्यात आणून ठेवी.

तरी एक काम उरतेच. मॉड इंजिनला हाक मारतो ती प्रत्येक जागा म्हणजे कुंपणातले दार असते. तिथे इंजिनने तपासणी केली नाही, तर उरलेल्या भिंतीचा उपयोग नाही.