मायना आणि झलक

मराठी पत्रलेखनात मायन्याला पूर्वापार मोठा मान होता. पेशवाईतील कागदपत्रे चाळू गेल्यास प्रत्येक पत्राच्या आरंभी ज्यास पत्र लिहावयाचे त्याच्या योग्यतेप्रमाणे बिरुदांची मालिका आढळते. कोणी ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ असे, तर कोणी ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’ असे. त्यामागून आशीर्वाद वा दंडवत, मग ‘विनंती विशेष’, आणि तेथून पुढे कामाचा मजकूर. घरगुती पत्रांतही तीच चाल टिकली. ‘तीर्थरूप बाबांस बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घटवून घेण्यात येत असे.

हा मायना निरर्थक नव्हता. पत्र कोणी कोणास लिहिले, त्या दोघांचे नाते काय व मान कोणाचा, हे त्यावरून कळे. शिवाय ‘विशेष’ हा शब्द वाचणाऱ्यास खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडे. सरावलेली नजर मायना ओलांडून नेमकी तेथे जाई व मजकूर उचली. ही रीत चालत असे याचे कारण एकच. पत्र उघडणाऱ्याच्या हाती सबंध कागद असे. मजकूर चौथ्या ओळीत असो की दहाव्या, तो डोळ्यांसमोरच असे.

मोबाइलने नेमकी हीच गोष्ट बदलली. आज संदेश प्रथम दिसतो तो सबंध नव्हे, तर त्याचा आरंभीचा तुकडा. पाठविणाऱ्याचे नाव, त्याखाली एकदोन ओळी, आणि पुढे तीन टिंबे. या तुकड्यास झलक म्हणावे. संदेश आत्ता उघडावा, मागाहून उघडावा, की उघडूच नये, याचा निकाल बहुधा या झलकेवरच लागतो. ‘विशेष’पर्यंत नजर पोहोचण्यापूर्वीच कागद दुमडला जातो. ही स्थिती कशी आली, हे पाहण्याजोगे आहे.

तिचा उगम दोन निरनिराळ्या प्रवाहांत आहे. पहिला ई-मेलचा. संगणकांच्या जाळ्यावरून टपाल पाठविण्याची सोय झाल्यावर, कोणाकडून आले, केव्हा आले व विषय काय, या तीन गोष्टी प्रत्येक पत्राच्या माथ्यावर एकाच पद्धतीने लिहाव्या, अशी सूचना १९७३ साली एका जाहीर टिपणातून पुढे आली. विषयाची स्वतंत्र ओळ असल्यामुळे यादी पाहणाऱ्यास पत्र न उघडता त्याचा सुगावा लागू लागला. सुमारे तीस वर्षे पुष्कळ ठिकाणी यादीत एवढेच दिसे. पत्राच्या पोटातील पहिले वाक्य पत्र उघडल्यावरच वाचावयाचे असल्यामुळे ते कितीही शिष्टाचाराचे असले तरी बिघडत नसे.

१ एप्रिल २००४ रोजी गूगल कंपनीची जीमेल ही टपालसेवा सुरू झाली. तिच्या यादीत विषयापुढे फिकट अक्षरांत पत्राचे आरंभीचे काही शब्दही दिसू लागले. पुढे २९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीस आला. त्यावरील टपालाच्या यादीत विषयाखाली पत्राच्या दोन ओळी दाखविण्याची योजना होती, आणि वापरणाऱ्यास ती संख्या शून्यापासून पाच ओळींपर्यंत बदलता येई. बदल दिसावयास लहान असला तरी त्याचा परिणाम दूरवर झाला. पत्राचे पहिले वाक्य आता पत्राच्या आत राहिले नाही. ते दारावरची पाटी झाले.

याचा पहिला फटका बसला तो व्यापारी पत्रांना. चित्रे व रंग असलेल्या अशा पत्रांच्या माथ्यावर ‘हे पत्र नीट दिसत नसल्यास येथे टिचकी मारा’ अशा आशयाची ओळ घालण्याचा प्रघात होता. यंत्राने ती इमानाने उचलली आणि प्रत्येक पत्राची झलक तीच झाली. यावर उपाय म्हणून झलकेपुरते एक वेगळे वाक्य पत्राच्या अगदी आरंभी घालण्याची युक्ती निघाली. यादीत ते वाक्य दिसते, पण पत्र उघडल्यावर लपलेले राहते. डिसेंबर २०२० मध्ये टपालाच्या यंत्राने स्वतःच झलक काढून द्यावी यासाठी एक मानक प्रसिद्ध झाले. त्यात झलक साधारणतः दोनशे चिन्हांच्या आत ठेवावी असे सांगितले आहे. अर्थात यंत्र जे देईल तेवढे सारे मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मावेलच असे नाही.

दुसरा प्रवाह लघुसंदेशाचा, म्हणजे एसएमएसचा. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने निरनिराळी वाक्ये टंकलेखन यंत्रावर लिहून त्यांतील अक्षरे मोजली. पोस्टकार्डांवरील मजकूर व टेलेक्सवरील तारा यांचाही विचार झाला, आणि १६० चिन्हांत साधारण माणसाचे काम भागते असा निष्कर्ष निघाला. या पद्धतीचा पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता.

परंतु हे १६० चे माप रोमन लिपीचे. संदेशाच्या एका डबीत १४० बाइट मावतात. रोमन अक्षरास सात बिट पुरतात, म्हणून १६० चिन्हे बसतात. देवनागरीसाठी दर चिन्हास सोळा बिट लागतात, त्यामुळे ती संख्या ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘नमस्कार’ या शब्दात डोळ्यांना चारच अक्षरे दिसतात, पण यंत्र सात चिन्हे मोजते. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याचा मायना इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मायन्याहून अधिक महाग पडतो.

एक उदाहरण घेऊन हा हिशेब पुरा करता येईल. समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांनी सभासदांस असा संदेश धाडला: ‘सर्व सन्माननीय सभासदांस सविनय नमस्कार. आपणास कळविण्यात येते की, इमारतीच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करावयाची असल्यामुळे मंगळवार दिनांक १२ रोजी सकाळी ७ ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील.’ भाषा शुद्ध आहे, विनय आहे, माहितीही पुरी आहे. पण ‘नमस्कार’ या शब्दापाशी ३७ चिन्हे खर्च झाली. सत्तरावे चिन्ह ‘इमारतीच्या’ या शब्दाच्या मध्यावर येते. तोवर पाण्याचे नाव निघालेले नाही, दिवस नाही, वेळ नाही. ज्याला झलकेत केवळ नमस्कार दिसला, तो सभासद रात्री निवांत वाचू म्हणून मोबाइल खाली ठेवतो. मंगळवारी सकाळी नळ कोरडा पडतो आणि घरात आजारी माणूस असेल तर त्याची किंमत त्या घराला मोजावी लागते.

तोच मजकूर असा लिहिता येतो: ‘पाणी बंद मंगळवार १२, सकाळी ७ ते सायंकाळी ५. टाकीची दुरुस्ती आहे. सोमवारी रात्री पाणी भरून ठेवावे ही विनंती. आपला, चिटणीस.’ येथे पहिल्या १९ चिन्हांत काय व केव्हा हे कळते, आणि ४३ चिन्हांत वेळही येते. कारण त्यामागून आले व विनंती शेवटी राहिली. विनय नाहीसा झाला नाही, त्याची जागा तेवढी बदलली.

या मांडणीतील क्रमाकडे नीट पाहावे. आरंभी गोष्टीचे नाव आहे, मग दिवस, मग वेळ. ‘उद्या’ किंवा ‘आज’ हे शब्द मुद्दाम टाळले आहेत, कारण संदेश दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ वेगळा असतो. ‘महत्त्वाची सूचना’ हे शब्दही नाहीत. ते प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर येऊ लागले की त्यांतील महत्त्व निघून जाते, आणि जागा मात्र अडून राहते. संस्थेचे किंवा पाठविणाऱ्याचे नाव झलकेच्या वर यंत्र स्वतःच दाखवीत असेल, तर पहिल्या ओळीत त्याची पुनरुक्ती करू नये. ई-मेलमध्ये विषयाच्या ओळीतील शब्दच पहिल्या वाक्यात परत लिहिणे ही त्याच जातीची चूक होय. यादीत ती दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून दुसरीने पहिलीच्या पुढचे सांगावे.

नेमकी किती अक्षरे दिसतील, हा प्रश्न मात्र निश्चित उत्तराचा नाही. एसएमएसची डबी चिन्हे मोजते, तर पडदा रुंदी मोजतो. ‘क्ष्मी’सारखे जोडाक्षर डबीत सहा चिन्हांची जागा घेते, पण पडद्यावर दोन अक्षरांएवढीच. वाचणाऱ्याने अक्षरे मोठी करून ठेवली असतील तर झलक आणखी आखूड होते, आणि वडीलधाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर ती बहुधा मोठीच असतात. यास्तव पहिल्या पाचसहा शब्दांत सार यावे, हाच व्यवहारी नियम. त्याची परीक्षाही सोपी आहे. संदेश प्रथम घरातल्याच दुसऱ्या मोबाइलवर पाठवावा, तो न उघडता झलक वाचावी, आणि तेवढ्यावरून काय करावयाचे हे कळते की नाही ते पाहावे.

या रीतीला एक मर्यादाही आहे. जे आधी लिहिले ते सर्वांस दिसते. बंद मोबाइलच्या पडद्यावरही झलक उमटते, त्यामुळे बँकेचा गुप्त आकडा, दवाखान्याचा निकाल किंवा घरातील खाजगी वार्ता शेजारी बसलेल्या परक्या माणसासही वाचता येते. २०१७ सालच्या आयफोन दहा या यंत्रात मालकाचा चेहरा ओळखू येईपर्यंत झलक झाकून ठेवण्याची व्यवस्था मुळातच लावलेली होती. पण ती सर्वांच्या मोबाइलवर असेलच असे धरून चालता येत नाही. अशा प्रसंगी सार पुढे न आणता ‘तपासणीचा निकाल आला, सायंकाळी फोन करावा’ एवढेच आरंभी लिहिणे शहाणपणाचे.

जुन्या चिटणिसांस नात्याप्रमाणे मायना बदलावा लागे. आजच्या लिहिणाऱ्यास पहिल्या पाच शब्दांत काय दाखवावे आणि काय झाकावे, हे ठरवावे लागते. कागद होता तोवर ‘विशेष’ हा शब्द मायन्याच्या शेवटी उभा राहू शकत होता. झलकेच्या काळात त्याला ओळीच्या आरंभी यावे लागले आहे, आणि नमस्कार त्याच्यामागे उभा आहे.