व्हॉट्सॲप ग्रुपवर मीटिंगची वेळ झटपट कशी ठरवायची?

‘मीटिंग कधी घ्यायची?’ असा मोकळा प्रश्न ग्रुपवर टाकला की प्रत्येक जण नवी वेळ सुचवतो. त्याऐवजी दोन-तीन ठरावीक वेळा क्रमांक देऊन टाकल्या, तर उत्तर एका आकड्यात येतं.

समजा, भोकरदन, अंबड आणि परतूरच्या सात शेतकऱ्यांना खरिपाचं बियाणं एकत्र घ्यायचं आहे. त्यांच्या ग्रुपवरचा मेसेज असा असावा:

‘बियाणे खरेदीची मीटिंग, जालना, एक तास.
1) शुक्र. 22 मे, सायं. 5
2) शनि. 23 मे, सकाळी 8
3) रवि. 24 मे, सकाळी 11
जमतील ते सगळे आकडे आज रात्री 9 पर्यंत कळवा. जास्त जणांना जमेल ती वेळ पक्की.’

यात ‘सगळे आकडे’ हे शब्द महत्त्वाचे. प्रत्येकाने फक्त आवडती वेळ सांगितली, तर मतं 3-2-2 अशी विभागून पेच कायम राहू शकतो. जमणाऱ्या सगळ्या वेळा विचारल्या, तर रविवार सहा जणांना चालतो हे समोर येतं.

नुसता अंगठा आला, तर ‘कोणता आकडा?’ असं लगेच विचारावं. ज्याच्याशिवाय निर्णय होणार नाही, त्याला आधी फोन करून मगच वेळा टाकाव्यात. रात्री 9 नंतर ‘3 पक्कं: रविवार, सकाळी 11’ असा वेगळा मेसेज टाकावा.