पळू पाहणाऱ्या वायूचा दाब : फ्युगॅसिटीची गोष्ट

एक स्थिरांक होता, आणि तो स्थिर राहत नव्हता. १९२० च्या दशकात वॉशिंग्टनमधील फिक्स्ड नायट्रोजन रिसर्च लॅबोरेटरीत लार्सन आणि डॉज हे दोन रसायनशास्त्रज्ञ नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया किती बनतो, हे मोजत होते. तापमान ४५० अंश सेल्सिअसवर कायम ठेवले होते, दाब तेवढा वाढवला जात होता. पाठ्यपुस्तकानुसार तापमान तेच असेल तर समतोल स्थिरांक बदलता कामा नये. १० ॲटमॉस्फिअर दाबाला तो ०.००६५९ आला, ३०० ला ०.००८८४ आणि १००० ला ०.०२३२८. म्हणजे साडेतीन पट!

मोजमाप चुकले नव्हते. चुकत होती ती दाबाला द्यायची भूमिका. आणि तिचा उलगडा वीसेक वर्षे आधीच छापून झाला होता.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७५ ते १८७८ या काळात येल येथील विलर्ड गिब्ज यांनी रासायनिक विभव ही राशी मांडली. तिचे चिन्ह μ. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा पदार्थ जास्त μ असलेल्या ठिकाणाहून कमी μ असलेल्या ठिकाणी जातो. दोन्हीकडे μ सारखा झाला की समतोल. सिद्धांत निर्दोष होता, पण प्रयोगशाळेत राबणाऱ्या माणसाला अवघड. याचे एक कारण असे की वायू विरळ होत गेला की μ ऋण अनंताकडे घसरत जातो. ज्याला तळच नाही अशा पट्टीवर मोजायचे कसे?

आदर्श वायूपुरता मार्ग सोपा आहे. तापमान स्थिर असताना दाब किंचित वाढवला, तर μ मधील वाढ ही एका मोलचे आकारमान गुणिले दाबातील वाढ एवढी असते. आदर्श वायूचे आकारमान RT/p असल्याने सगळ्या वाढींची बेरीज केली की लॉगॅरिदम मिळतो :

μ = μ° + RT ln(p/p°)

येथे p° हा एक ठरवून घेतलेला प्रमाण दाब. अमोनियाच्या समतोल स्थिरांकात दाबांचे गुणाकार-भागाकार येतात ते याच सूत्रातून. पण खऱ्या वायूचे आकारमान RT/p नसते. रेणू एकमेकांना ओढतात, तेव्हा ते कमी भरते. आणि फार दाटी झाली की रेणूंना स्वतःची जागा लागते, म्हणून ते जास्त भरते. आकारमान बदलले की बेरीज बदलली, आणि हे सुटसुटीत सूत्र मोडले.

येथे गिल्बर्ट न्यूटन लुइस यांचा प्रवेश होतो. हार्वर्डमधून १८९९ साली डॉक्टरेट घेऊन हा तरुण जर्मनीत लाइपझिग येथे ओस्टवाल्ड आणि ग्योटिंगेन येथे नेर्न्स्ट यांच्याकडे काही काळ राहून आला होता. (नेर्न्स्ट यांच्याशी त्याचे पुढे जन्मभर बिनसले, पण तो वेगळा विषय.) १९०१ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने भौतिक-रासायनिक बदलाच्या नियमावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न साधा होता : पदार्थ आहे त्या अवस्थेतून निसटून जायला किती उत्सुक आहे? या उत्सुकतेचे माप म्हणून त्याने ‘पळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून शब्द घेतला, फ्युगॅसिटी. चिन्ह f.

युक्ती अशी की लुइसने सूत्राचा साचा मोडलाच नाही. त्याने साचा तसाच ठेवला आणि त्यातील दाब बदलला :

μ = μ° + RT ln(f/p°)

एवढेच असते तर ती केवळ नावाची अदलाबदल ठरली असती. म्हणून त्याने एक अट जोडली : वायू अत्यंत विरळ झाला की f आणि p एकच व्हावेत. या अटीमुळे f ला पाय टेकवायला जमीन मिळाली. μ ला तळ नव्हता; f मात्र शून्य दाबाला शून्याकडे जाते आणि एकके दाबाचीच बाळगते. म्हणूनच तिला दुरुस्त केलेला दाब म्हणतात. भिंतीवर बसणारा दाब p च असतो, मापकावर तोच दिसतो. समतोलाच्या हिशेबात मात्र वायू f एवढा दाब असल्यासारखा वागतो.

ही दुरुस्ती मोजायची कशी? खऱ्या वायूचे आकारमान आदर्श वायूच्या किती पट आहे, ती संख्या Z. शून्यापासून हव्या त्या दाबापर्यंत Z मधील तफावत गोळा करत जायची :

ln(f/p) = ∫ (Z − 1) dp/p

Z एकापेक्षा कमी राहिला, म्हणजे आकर्षण वरचढ ठरले, तर f दाबापेक्षा कमी भरते. रेणूंची दाटी वरचढ ठरली तर जास्त.

आता ४५० अंश व ३०० ॲटमॉस्फिअर या स्थितीकडे परत येऊ. f/p चे गुणोत्तर हायड्रोजनसाठी सुमारे १.०९ येते, नायट्रोजनसाठी १.१४ आणि अमोनियासाठी ०.९१. नायट्रोजन व हायड्रोजन जणू पळायला उतावीळ, तर अमोनियाचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. अभिक्रिया असल्याने दोघे आपली अवस्था सोडू पाहतात आणि अमोनिया बनून निवांत होतात. म्हणून तो अपेक्षेपेक्षा जास्त बनतो.

हिशेब करून पाहावा. स्थिरांकात अमोनियाचा दाब वर असतो. खाली नायट्रोजनच्या दाबाचा १/२ घात आणि हायड्रोजनचा ३/२ घात. दुरुस्त्याही त्याच क्रमाने :

0.91 ÷ (1.14^(1/2) × 1.09^(3/2)) ≈ 0.75

आणि ०.००८८४ ला ०.७५ ने गुणले की ०.००६६. दहा ॲटमॉस्फिअरला मिळालेला आकडा जवळपास जसाच्या तसा परत आला. दाबांचा स्थिरांक भरकटला होता, फ्युगॅसिटींचा जागेवरच होता.

हा फरक कागदापुरता नव्हता. नायट्रोजन-हायड्रोजनचे १:३ मिश्रण घेऊन कमी दाबाचा स्थिरांक ३०० ॲटमॉस्फिअरला वापरला, तर समतोलात सुमारे ३१ टक्के अमोनिया मिळावा. प्रत्यक्षात साडेपस्तीसच्या आसपास मिळतो. १००० ॲटमॉस्फिअरला तोच हिशेब ५१ टक्के सांगतो, मोजमाप ६९ दाखवते. कारखान्याचा आराखडा अशा आकड्यांवर आखला, तर वायू किती वेळा फिरवायचा आणि किती अमोनिया गाळून काढायचा, हे सगळेच चुकते.

पण १००० ॲटमॉस्फिअरला लुइसची दुरुस्तीही अपुरी पडते. तेथे दुरुस्तीचा गुणक सुमारे ०.४४ येतो आणि स्थिरांक ०.०१ च्या थोडा वर थांबतो. हवा होता ०.००६६. दोष फ्युगॅसिटीच्या व्याख्येत नाही. वरची गुणोत्तरे प्रत्येक वायू एकटा असताना, पूर्ण दाबाला काढलेली होती. मिश्रणातील वायूची फ्युगॅसिटी म्हणजे त्याचा मोल-अंश गुणिले त्या शुद्ध वायूची फ्युगॅसिटी, हे लुइस आणि त्याचा सहकारी मर्ल रँडल यांच्या नावाने ओळखले जाणारे गृहीतक आहे. १९२३ च्या त्यांच्या ग्रंथाने ते घराघरांत नसले तरी प्रयोगशाळांत नेले. अमोनियाच्या रेणूला शेजारी अमोनिया मिळतो की हायड्रोजन, याची दखल हे गृहीतक घेत नाही. मध्यम दाबाला ते खपून जाते, १००० ला नाही. १९३० साली गिलेस्पी आणि बीटी यांनी मिश्रणासाठीच अवस्था-समीकरण वापरून हा हिशेब पुन्हा मांडला, आणि शेजाऱ्यांचा प्रश्न त्या समीकरणात आला.